एकाच रेणूचा दुहेरी व्यवहार

वैद्यकाच्या पहिल्या वर्षाच्या तोंडी परीक्षेत बोर आणि हॉल्डेन परिणामांविषयी विचारले की एक ठरलेले उत्तर येते: ‘बोर ऊतींमध्ये, हॉल्डेन फुफ्फुसांमध्ये.’ कार्बन डायऑक्साइड वाढला की हिमोग्लोबिनची ऑक्सिजनवरची पकड ढिली होते, तो बोर परिणाम. ऑक्सिजन चिकटला की रक्त कार्बन डायऑक्साइड सोडून देते, तो हॉल्डेन परिणाम. एवढे सांगितले की गुण मिळतात आणि विषय तिथेच मिटतो. या उत्तरातल्या व्याख्या बरोबर आहेत, पण वाटणी चुकीची आहे. दोन्ही परिणाम ऊतींमध्येही चालतात आणि फुफ्फुसांमध्येही, आणि तेही एकाच क्षणी. त्यातला कोणता केव्हा जड पडतो, आणि एकाच्या कामामुळे दुसऱ्याला काम का उरत नाही, हे कळले तरच रक्तातल्या वायूंचा हिशेब लागतो. या पुस्तिकेची पाचही प्रकरणे त्या हिशेबाभोवती फिरतात, म्हणून वाचकाने आत शिरण्यापूर्वी तो एकदा सावकाश मांडावा असे वाटले.

सुरुवात कोपनहेगनपासून करावी लागते. १९०४ साली क्रिस्टियान बोर, कार्ल हॅसेलबाल्ख आणि ऑगस्ट क्रोग या तिघांनी कुत्र्याच्या रक्तावर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. हे बोर म्हणजे अणुशास्त्रज्ञ नील्स बोर यांचे वडील. हॅसेलबाल्ख यांचे नाव आम्ल-अल्कलीच्या समीकरणात अजून रोज घेतले जाते, आणि क्रोग यांना पुढे १९२० साली नोबेल मिळाले. प्रयोगाची कल्पना साधी होती. रक्ताचे नमुने वेगवेगळ्या ऑक्सिजन दाबांखाली हलवत ठेवायचे आणि प्रत्येक दाबाला हिमोग्लोबिन किती टक्के भरले ते मोजायचे. मात्र हे सारे कार्बन डायऑक्साइडच्या पाच ठरावीक दाबांना पुन्हा पुन्हा करायचे: ५, १०, २०, ४० आणि ८० मिमी पारा. पाच दाबांचे पाच वक्र निघाले. आकार सगळ्यांचा सारखाच, लांबट ‘एस’सारखा, पण कार्बन डायऑक्साइड जसा वाढेल तसा वक्र उजवीकडे सरकत गेला. म्हणजे हिमोग्लोबिन तितकेच भरायला ऑक्सिजनचा दाब आता जास्त लागू लागला.

त्या आलेखात आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. ऑक्सिजनचा दाब १०० मिमीच्या आसपास असतो तिथे पाचही वक्र जवळजवळ एकमेकांना चिकटलेले दिसतात आणि २०-४० मिमीच्या पट्ट्यात ते लांब लांब पडतात. फुफ्फुसांतला दाब पहिल्या जागी येतो, ऊतींतला दुसऱ्या. त्यामुळे कार्बन डायऑक्साइड वाढल्याने फुफ्फुसात ऑक्सिजन भरण्याचे फारसे नुकसान होत नाही, पण ऊतींत तो सोडण्याचा फायदा मात्र पुरेपूर मिळतो. ज्यांनी हा परिणाम आधी शोधायचा प्रयत्न केला असेल, पण मोजमाप भरपूर ऑक्सिजनमध्ये केले असेल, त्यांच्या हाती काही लागणे शक्यच नव्हते.

दहा वर्षांनी, १९१४ साली, उलट बाजूचा प्रश्न ऑक्सफर्डमध्ये सुटला. योहान्ने क्रिस्टियनसेन ही डॅनिश डॉक्टर, सी. जी. डग्लस आणि जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी माणसाचे रक्त घेतले. एका पात्रात हवा आणि कार्बन डायऑक्साइड, दुसऱ्यात हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड. कार्बन डायऑक्साइडचा दाब दोन्हीकडे तोच, फरक एवढाच की दुसऱ्या पात्रात ऑक्सिजन नाही. ऑक्सिजन नसलेल्या रक्तात त्याच दाबाला कार्बन डायऑक्साइड अधिक मावला. निबंधावर पहिले नाव क्रिस्टियनसेनबाईंचे होते, परिणामाला मात्र हॉल्डेन यांचे नाव चिकटले. काही ग्रंथांत अजून तिघांचीही नावे जोडून देतात आणि ते न्याय्यही आहे. इथे एक खुलासा. भारतात येऊन स्थायिक झालेले, १९६४ साली भुवनेश्वरला वारलेले जे. बी. एस. हॉल्डेन हे या हॉल्डेन यांचे चिरंजीव. मराठी लेखनात बापलेकांची गल्लत बऱ्याचदा होते.

आता हे घडते कसे? बहुतेकांच्या मनात एसटीच्या बाकड्याचे चित्र असते: एक उतारू उठला की दुसरा त्याच जागेवर बसतो. हिमोग्लोबिनमध्ये तसे होत नाही. ऑक्सिजन बसतो हीममधल्या लोहावर. कार्बन डायऑक्साइड त्या जागेवर कधीच बसत नाही. ऊतींतून रक्तात आलेला बहुतेक कार्बन डायऑक्साइड तांबड्या पेशीत शिरतो आणि कार्बोनिक अनहायड्रेज या विकराच्या मदतीने पाण्याशी संयोग पावतो. त्यातून बायकार्बोनेट आणि प्रोटॉन तयार होतात. बायकार्बोनेट पेशीबाहेर रक्तरसात जाते आणि त्याच्या बदल्यात क्लोराइड आत येते. प्रोटॉन मात्र मागे उरतो. आम्लता म्हणतात ती हीच, आणि तिला कोणीतरी सामावून घ्यायला हवे. हिमोग्लोबिन हे काम करते. त्याच्या साखळ्यांच्या टोकांशी, विशेषतः बीटा साखळीच्या अगदी शेवटच्या हिस्टिडीनवर, प्रोटॉन बसू शकतो. पण ऑक्सिजन सुटला की या जागा प्रोटॉनला जास्त घट्ट धरतात, आणि ऑक्सिजन बसला की सैल धरतात. कारण ऑक्सिजन आला-गेला की सबंध रेणूची घडी बदलते आणि त्या हिस्टिडीनचे शेजारी बदलतात. शिवाय थोडा कार्बन डायऑक्साइड साखळ्यांच्या टोकांच्या अमिनो गटांवर सरळ जाऊन बसतो. ऑक्सिजन नसलेले हिमोग्लोबिन त्यालाही अधिक जागा देते. रक्तातल्या एकूण साठ्यात हा वाटा लहान आहे, पण फुफ्फुसांत प्रत्यक्ष बाहेर पडणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमध्ये तो बराच मोठा भरतो.

हे नीट समजले की बोर आणि हॉल्डेन ही दोन वेगळ्या यंत्रणांची नावे राहत नाहीत. प्रोटॉन बसला की ऑक्सिजनची पकड ढिली होणे आणि ऑक्सिजन सुटला की प्रोटॉनची पकड घट्ट होणे, ही एकाच बंधाची दोन टोकांवरून घेतलेली मोजमापे आहेत. पहिले खरे असेल तर दुसरे खरे असल्याशिवाय राहणार नाही. जेफ्रीज वायमन यांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर हे गणिताने दाखवले. त्यांच्या सिद्धांताचे मला फार मोल वाटते, कारण तो आकडा हातात देतो. माणसाच्या रक्तात पीएच एका एककाने बदलला तर हिमोग्लोबिन अर्धे भरायला लागणाऱ्या दाबाचा लॉगॅरिदम सुमारे ०.४८ने बदलतो. बोर परिणामाचा हा उतार. वायमन म्हणतात, हाच आकडा प्रोटॉनचाही असला पाहिजे: ऑक्सिजनचे १०० रेणू सुटले की हिमोग्लोबिन सुमारे ४८ प्रोटॉन उचलणार. म्हणजे बोर यांच्या आलेखात हॉल्डेन परिणामाचा आकार आधीच लपलेला होता.

आता विश्रांतीत बसलेल्या निरोगी माणसाचा हिशेब घेऊ. धमनीतल्या १०० मिली रक्तात जवळजवळ २० मिली ऑक्सिजन असतो आणि कार्बन डायऑक्साइड सुमारे ४८ मिली. कार्बन डायऑक्साइडचा दाब ४० मिमी. ऊतींमधून जाताना हे रक्त ५ मिली ऑक्सिजन देते आणि ४ मिली कार्बन डायऑक्साइड घेते, म्हणजे तो ५२ मिली होतो. त्याचा दाब वाढतो तो फक्त ४५ मिमीच्या आसपास. या ठिकाणी थांबून विचारावे: ४ मिली कार्बन डायऑक्साइड भरायला दाब पाचच मिमीने कसा वाढला? कारण ऑक्सिजन सुटलाच नसता, तर ५ मिमीच्या वाढीत जेमतेम २ मिली कार्बन डायऑक्साइड मावला असता. चारही मिली भरायचे तर दाब ५० मिमीपर्यंत चढला असता. उरलेल्या २ मिलीची सोय केली ऑक्सिजन सुटण्याने. म्हणजे विश्रांतीत कार्बन डायऑक्साइडच्या वाहतुकीचा जवळजवळ निम्मा भार हॉल्डेन परिणाम उचलतो.

बोर परिणामाचा हिशेबही त्याच रक्तावर मांडू. धमनीत पीएच ७.४०, ऊतींतून परतताना ७.३७. फरक ०.०३चा. ०.४८च्या उताराने हिमोग्लोबिन अर्धे भरण्याचा दाब २६.८ मिमीवरून २७.७ मिमीवर जातो. ऊतींत ऑक्सिजनचा दाब ४० मिमी धरला, तर हिमोग्लोबिनची संपृक्तता ७५ टक्क्यांऐवजी ७३ टक्के होते. सुटलेल्या ५ मिली ऑक्सिजनपैकी बोर परिणामाचे श्रेय जेमतेम ०.४ मिली. बाकीचा सगळा ऑक्सिजन दाब कमी झाला म्हणूनच सुटतो, त्यात कार्बन डायऑक्साइडचा हात नसतो.

पाठ्यपुस्तकांत बोर परिणाम पानभर असतो आणि हॉल्डेन चार ओळींत. विश्रांतीतल्या शरीरापुरते पाहिले तर हे प्रमाण उलटे हवे. आणि हे उलटे का, याचे उत्तर हॉल्डेन परिणामातच आहे. ऑक्सिजन सुटल्यामुळे हिमोग्लोबिनने प्रोटॉन आपल्याकडे घेतले, म्हणून पीएच ०.०३नेच घसरला. पीएच घसरलाच नाही, तर बोर परिणामाला धक्का द्यायला काही उरले नाही. एक परिणाम जितके नीट काम करतो, तितका दुसरा मंदावतो. हे दोघे एकमेकांना बळ देतात असे सरसकट लिहिले जाते, पण आकडे तसे सांगत नाहीत.

श्रम वाढले की चित्र बदलते. धावणाऱ्या माणसाच्या मांडीच्या स्नायूत कार्बन डायऑक्साइडबरोबर लॅक्टिक आम्लही रक्तात येते. हे प्रोटॉन हिमोग्लोबिनच्या आवाक्याबाहेर जातात आणि तिथला पीएच ७.२ पर्यंत उतरतो. फरक आता ०.२चा. हिमोग्लोबिन अर्धे भरण्याचा दाब २६.८ वरून सुमारे ३३ मिमीवर जातो. ऑक्सिजनचा दाब तिथे २० मिमीच्या आसपास असेल तर आधीच्या वक्रावर हिमोग्लोबिनमध्ये ३१ टक्के ऑक्सिजन अडकून राहिला असता. सरकलेल्या वक्रावर २० टक्केच राहतो. म्हणजे १०० मिली रक्तामागे २ मिलीहून अधिक ऑक्सिजन, स्नायूतला दाब आणखी न उतरवता मिळाला. स्नायू तापतो, त्याचा फायदा आणखी वेगळा. आणि हेच आम्ल झालेले रक्त तसेच फुफ्फुसात गेले असते तरी १०० मिमी दाबाला ते ९५ टक्के भरलेच असते. कोपनहेगनचे चिकटलेले वक्र इथे आठवावेत.

फुफ्फुसात मात्र ते तसेच राहत नाही. तिथल्या केशवाहिनीतून जायला तांबड्या पेशीला विश्रांतीत सुमारे पाऊण सेकंद लागतो. त्यात ऑक्सिजन लोहावर बसतो, रेणूची घडी बदलते, प्रोटॉन सुटतात, ते बायकार्बोनेटशी जुळतात, कार्बोनिक अनहायड्रेज आता तीच प्रक्रिया उलट चालवतो आणि कार्बन डायऑक्साइड वायुकोशात उतरतो. तो गेला की पीएच पुन्हा ७.४० होतो, वक्र डावीकडे सरकतो आणि शेवटचा ऑक्सिजन सहज बसतो. परीक्षेतल्या उत्तरात फुफ्फुसाच्या वाट्याला फक्त हॉल्डेन आला होता. इथे बोरही आहे. तो लहान आहे, इतकेच.

गर्भवतीच्या वारेत हे दोन्ही परिणाम दुहेरी होतात. गर्भाचे रक्त कार्बन डायऑक्साइड सोडते आणि त्याची ऑक्सिजनची ओढ वाढते. तो कार्बन डायऑक्साइड घेतल्यामुळे आईच्या रक्ताची पकड ढिली होते. त्याच वेळी आईचे रक्त ऑक्सिजन सोडते म्हणून तिच्यात कार्बन डायऑक्साइडला जागा होते, आणि गर्भाच्या रक्तात ऑक्सिजन आला म्हणून ते कार्बन डायऑक्साइड टाकते. पुस्तिकेचे तिसरे प्रकरण यावरच आहे, त्यामुळे इथे तपशिलात जात नाही.

ज्या जागी हा विषय रोज रुग्णाच्या खाटेशी येतो, ती जागा मात्र सविस्तर सांगायला हवी. समजा, साठीच्या पुढची एक बाई, जन्मभर चुलीच्या धुरात स्वयंपाक केलेली. विडी-सिगारेट कधी ओढली नाही, तरी सीओपीडी झालेला. आपल्या खेड्यापाड्यांत अशा बायका फार आहेत. थंडीत खोकला वाढला, दम लागला, रुग्णालयात आणली. ऑक्सिमीटरवर ७८ टक्के. धमनीच्या रक्ताच्या तपासणीत कार्बन डायऑक्साइडचा दाब ६० मिमी. मोठा मास्क लावून भरपूर ऑक्सिजन दिला. अर्ध्या तासात ऑक्सिमीटर ९९ दाखवू लागला, नातेवाइकांना हायसे वाटले. पण बाई गुंगीत जाऊ लागल्या, प्रश्नांची उत्तरे तुटक आली, हात पुढे धरायला सांगितले तर पंजे फडफडले, तळहात कोमट आणि घामेजलेले लागले. पुन्हा तपासणी केली तर कार्बन डायऑक्साइड ८० च्या घरात.

पिढ्यान् पिढ्या याचे एकच कारण शिकवले गेले: या रुग्णांचा श्वास ऑक्सिजनच्या कमतरतेवरच चालतो, ती कमतरता भरून काढली की श्वास थंडावतो. १९८० साली मिशेल ओबिए आणि सहकाऱ्यांनी अशा रुग्णांना शुद्ध ऑक्सिजन देऊन पंधरा मिनिटांनी मोजमाप केले. कार्बन डायऑक्साइडचा दाब सरासरी २३ मिमीने चढला होता, पण मिनिटाचा एकूण श्वास मूळच्या सुमारे ९३ टक्के शाबूत होता. तेवढ्या घटीने २३ मिमी चढणे शक्य नव्हते. त्यांच्या हिशेबात श्वास मंदावण्याचा वाटा ५ मिमीचा, हॉल्डेन परिणामाचा ७ मिमीचा. उरलेला भार मुख्यतः असा पडतो की ऑक्सिजन वाढल्यावर खराब भागांतल्या आकसलेल्या रक्तवाहिन्या उघडतात, हवा नीट न खेळणाऱ्या वायुकोशांकडे रक्त वळते आणि चांगल्या भागातली हवा वाया जाते.

७ मिमीची गोष्ट सोपी आहे. ७८ टक्क्यांवरून ९९ वर जाताना हिमोग्लोबिन ऑक्सिजनने भरते आणि आपल्याजवळचे प्रोटॉन आणि कार्बन डायऑक्साइड टाकून देते. निरोगी माणसातही हेच घडते, पण तो दोन श्वास जोराने घेतो आणि जादा कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो. या बाईंच्या छातीत ती ताकद शिल्लक नाही. टाकलेला कार्बन डायऑक्साइड रक्तातच साठतो. ऑक्सिमीटर हिमोग्लोबिनचा रंग वाचतो, कार्बन डायऑक्साइडबद्दल तो अवाक्षर बोलत नाही. म्हणून ९९ हा आकडा या रुग्णात दिलासा नाही.

यावरचा उपाय आकड्यात बांधता येतो. सीओपीडीच्या तीव्र त्रासात संपृक्तता ८८ ते ९२ टक्क्यांत ठेवावी. टास्मानियात रुग्णवाहिकेतल्या रुग्णांवर झालेला आणि २०१० साली प्रसिद्ध झालेला प्रयोग याला मोठा आधार देतो: भरपूर ऑक्सिजन दिलेल्या गटात मृत्यू ९ टक्के, मोजून दिलेल्या गटात ४ टक्के. मात्र दोन गोष्टी विसरू नयेत. ऑक्सिजनची संपृक्तता ७८ असताना घाबरून ऑक्सिजन नाकारणे अधिक घातक आहे, कारण ऑक्सिजनच्या अभावाने माणूस काही मिनिटांत दगावतो. आणि कार्बन डायऑक्साइड वाढलेला दिसला म्हणून मास्क झटकन काढूही नये. साठलेला कार्बन डायऑक्साइड वायुकोशात जागा अडवून असतो, आणि अचानक ऑक्सिजन काढला तर त्याचा दाब सुरुवातीपेक्षाही खाली जातो. प्रवाह हळूहळू कमी करत ८८-९२ पर्यंत आणावा. तरीही गुंगी उतरली नाही, तर मास्कमधून दाबाने हवा देणारे यंत्र लावायची वेळ आलेली असते.

पुस्तिका वाचताना विद्यार्थ्यांनी शेजारी आलेखाचा कागद ठेवावा. ७.४० आणि ७.२० पीएचचे वक्र स्वतः काढावेत आणि वर दिलेले ३१ आणि २० टक्के आपल्या हाताने पडताळावेत. २०२१ नंतर अनेक घरांत ऑक्सिमीटर आहे, कुठे कुठे कॉन्सन्ट्रेटरही आहे. ज्यांच्या घरी सीओपीडीचे माणूस आहे, त्यांना एवढेच सांगायचे आहे: आकडा ९० दिसला म्हणून तो १०० करण्यासाठी स्वतःहून प्रवाह वाढवू नका. किती ठेवायचा ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. आणि माणूस एरवीपेक्षा झोपाळू वाटला, सकाळी डोके धरून उठला किंवा बोलताना गोंधळला, तर ऑक्सिमीटर चांगला आकडा दाखवत असला तरी त्याला रुग्णालयात न्या आणि धमनीच्या रक्ताची तपासणी करून घ्या.